पाच वर्षांचा भाचा काहीतरी सांगायला बघतोय. मी काय विचारू आणि काय नको?

आत्ती_कोल्हापूर (रात्री 9:40)

नाव-गाव सगळं बदलून लिहितेय, समजून घ्या. माझा भाचा पाच वर्षांचा. भाऊ आणि वहिनी दोघं नोकरीला. बालवाडी सुटली की वहिनी येईपर्यंत तासभर तो वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या घरी असतो. त्यांचा मुलगा कॉलेजला आहे, हा त्याला 'दादा' म्हणतो.

आज दुपारी माझ्याकडं होता. भडंगातले शेंगदाणे वेगळे काढत बसला होता. खाली मान घालून एकदम म्हणाला, "आत्ती, वरच्या दादाचा खेळ मला न्हाई आवडत. तो कुणाला सांगायचा नसतोय." मी नुसतं "हं, बरं" म्हटलं. तो परत शेंगदाण्यांत गुंगला, मग सायकल घेऊन अंगणात गेला. पुढं मी काहीच बोलले नाही.

आता पोटात गोळा आलाय. उद्या परत येणार आहे. त्याला नेमकं कसं विचारू? की वहिनीलाच सांगू? भावाला सांगितलं तर तो तालमीतली पोरं गोळा करून थेट वरच जाईल, हे माझ्याकडनं लिहून घ्या.

शाहूपुरीकर (रात्री 9:58)

ताई, वेळ घालवू नका. मोबाईल समोर ठेवून व्हिडिओ चालू करा आणि सरळ विचारा, दादानं तुला कुठं हात लावला, कपडे काढले का, किती वेळा. सगळं एकदाच रेकॉर्ड झालं की पुरावा पक्का. नंतर पोरगं घाबरून फिरलं तरी आपल्या हातात काहीतरी राहतं. आणि मग त्या दादाला चार चपला, त्याशिवाय असल्यांना अक्कल येत न्हाई.

तांबडा_रस्सा (रात्री 10:05)

सगळ्या शाळांत चांगला स्पर्श, वाईट स्पर्श शिकवायलाच पाहिजे. आमच्या पुतणीच्या वर्गात तक्ता लावलाय, शरीराचं चित्र आणि लाल-हिरव्या खुणा. तसला तक्ता आणा आणि पोराला बोट ठेवायला सांगा. सोपं काम आहे.

जास्वंदी (रात्री 10:31)

आत्ती, तुम्ही "हं, बरं" म्हणून थांबलात ते उत्तम झालं. मी बरीच वर्षं पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, खटल्यांत मुलांची सहाय्यक व्यक्ती म्हणून काम केलंय. म्हणजे पोलिसांपासून कोर्टापर्यंत पोराबरोबर असणारी बाई. त्या अनुभवावर लिहिते, जरा लांबेल.

शाहूपुरीकर, तुमची कळकळ समजते. पहिलं बोलणं जपून ठेवावं, हा तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. पण तुम्ही जे प्रश्न लिहिलेत त्यांत सगळी माहिती तुम्हीच पुरवलीत. हात, कपडे, किती वेळा, सगळं. पोरानं फक्त मान हलवायची. पाच वर्षांचं मूल मोठ्या माणसाला 'नाही' म्हणायला बिचकतं. प्रश्न कळला नाही तरी 'हो' म्हणून मोकळं होतं, कारण त्याला वाटतं मोठ्यांना सगळं आधीच ठाऊक असतं. मग तुमच्या व्हिडिओत काय उरतं, तर बाई विचारतेय आणि पोरगं 'हो हो' करतंय. बचावाचा वकील तोच व्हिडिओ लावून म्हणतो, हा पढवलेला साक्षीदार. खरं घडलं असेल तरी केस तिथंच ढिली पडते. आणि घडलं नसेल, तर त्या 'हो'मधनं एक खोटी गोष्ट तयार होते, जी दोन-चारदा विचारल्यावर पोराला स्वतःलाच खरी वाटायला लागते.

हे पुस्तकी वाटत असेल तर कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण वाचा. 1983 साली सुरू झालं. शेकडो मुलांना असेच प्रश्न परत परत विचारले, अपेक्षित उत्तर दिलं की शाबासकी दिली. 1990 पर्यंत खटला चालला, कुणालाही शिक्षा झाली नाही. आणि तिथं कुणा मुलाला खरंच काही झालं होतं का, हे त्या प्रश्नांच्या ढिगाऱ्याखालनं आता कुणालाच वेगळं काढता येत नाही.

तांबडा_रस्सा, तक्ता शाळेत आधी शिकवायला ठीक. पोरानं काहीतरी सूचक बोलल्यावर तोच तक्ता पुढं केला की आपण त्याला उत्तराची जागा दाखवतो. चित्रं नकोत, बाहुल्या नकोत, 'दाखव बघू' नको.

आता उद्याचं. त्याला मुद्दाम समोर बसवून चौकशी करायची नाही. नेहमीसारखं खायला द्या, रंगवायला द्या, तुम्हीही भाजी निवडत बसा. घरात तिसरं कुणी नको, टीव्ही बंद. मग त्याचेच शब्द त्याला परत द्या: "काल तू म्हणालास, वरच्या दादाचा खेळ आवडत नाही. त्या खेळाबद्दल सांग मला." आणि गप्प बसा. खरंच गप्प. आपल्याला दहा सेकंद डोंगराएवढे वाटतात, त्याला तेवढे लागतात.

तो जे बोलेल त्यातलाच शब्द उचलायचा. समजा म्हणाला "दादा खोलीत नेतो", तर "खोलीत नेतो. मग काय होतं?" एवढंच. "दार लावतो का?" नाही. दार त्यानं आणलं तरच दार. "मग काय झालं", "अजून सांग", "तू म्हणालास ना अमुक, ते सांग", हे तीन धरून चाला. 'का' विचारू नका. "तू का गेलास, का ओरडला नाहीस" म्हटलं की त्याला वाटतं आपलंच चुकलं, आणि पोर मिटतं. कधी आणि किती वेळा हेही नको. त्या वयात 'काल' म्हणजे मागचा कुठलाही दिवस. एका पोराला घरच्यांनी आकड्यासाठी पिच्छा पुरवला, तर ते म्हणालं 'शंभर'. त्याला येत होता तो सगळ्यात मोठा आकडा तो. तोच तक्रारीत गेला आणि पुढं कोर्टात त्याच्यावरनं तासभर खल.

मंडळ_नियंत्रक (रात्री 10:44)

धागा चालू ठेवतोय. पण पेठ, शाळा, कॉलेज, सोसायटी, कुणाचंच नाव नको. एका प्रतिसादातनं गल्लीचं नाव काढलंय. मूल काय बोललं त्याचा तपशीलही इथं लिहू नका.

दोन_लेकरांची_आई (रात्री 11:02)

आमचा अनुभव सांगते. मुलगी चार वर्षांची होती. एकदा जेवताना म्हणाली, "मामा मला तिथं दुखवतो." माझ्या हातातला घास गळून पडला. भाऊ माझा, आमच्याच घरी राहून शिकत होता. तोंडावर आलेले सगळे प्रश्न गिळले आणि म्हटलं, "दुखवतो? सांग बरं त्याचं." तर म्हणाली, "पांढरं औषध लावताना. आजी म्हणते धर हिला, मग मामा हात धरतो. मला जळतं." खरूज झाली होती तिला, आई मलम लावायची आणि मामा फक्त हात धरायचा. तेव्हा उगाच डोकं फिरवून घेऊ नका. निम्म्या वेळेस असंच काहीतरी निघतं.

जास्वंदी (रात्री 11:20)

ताई, निम्म्या वेळेस हे तुम्ही कुठून आणलंत? तुमच्याकडं मलम निघालं म्हणून आत्तींकडंही मलमच निघेल असं नाही. पण तुमच्या गोष्टीतली मोलाची जागा वेगळीच आहे. तुम्ही "मामानं कुठं हात लावला" असं विचारलं असतं, तर 'तिथं' हे उत्तर आलं असतं, आणि मामा फक्त हात धरायचा हे कळलंच नसतं. मलमाची गोष्ट बाहेर आली ती "सांग बरं त्याचं" या दोन-तीन शब्दांनी. निष्पाप गोष्ट असो की गुन्हा, दोन्ही त्याच प्रश्नानं खऱ्या रूपात बाहेर येतात. म्हणून तो विचारताना आपण मनात निकाल देऊन ठेवायचा नाही.

आत्तींच्या भाच्याच्या बोलण्यात मात्र मला एक गोष्ट खटकते: 'कुणाला सांगायचा नसतोय'. मलम कुणी लपवायला सांगत नाही. तेवढ्यानं काही सिद्ध होत नाही, पण वरच्या मजल्यावर पाठवणं उद्यापासनं बंद व्हायला हवं. त्यासाठी पुराव्याची गरज नाही. वहिनींना आज रात्रीच सांगा. भाडेकरूंना कारण साधं द्यायचं, "आता आत्तीकडं ठेवतोय." पोरासमोर 'तू बोललास म्हणून' असं काही म्हणायचं नाही.

बावड्याची_मास्तरीण (रात्री 11:37)

जास्वंदीताई, वर्गातली गोष्ट सांगते. मी पोराला "पाच आणि तीन किती?" विचारलं, ते म्हणालं आठ, आणि मी परत विचारलं "किती?", तर ते लगेच म्हणतं नऊ. शिक्षक परत विचारतात म्हणजे उत्तर चुकलं, हे पोरांच्या अंगात मुरलेलं असतं. घरात आई, मग बाबा, मग आजी तोच प्रश्न विचारतात तेव्हाही हेच होत असणार.

एक शंका. पोरानं सांगितलं की "शाबास, शहाणं माझं ते" असं म्हणायचं की नाही? आमच्या तोंडात तेच येतं.

जास्वंदी (रात्री 11:52)

मास्तरीणबाई, अगदी तेच होतं. म्हणून एकानंच ऐकायचं, एकदाच.

शाबासकी एकेका तपशिलाला नको, चॉकलेट तर नकोच. अजून सांगितलं की अजून कौतुक होतं हे पोरांना पटकन कळतं. शेवटी एकदा म्हणायचं, "मला सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही." आणि नेहमीच्या आवाजात. आपण रडलो, तळतळाट केला, "जीवच घेतो त्याचा" म्हणालो, तर पोर आपल्याला सांभाळायला लागतं आणि शब्द मागे घेतं. तो दादा त्याला बाकीच्या वेळी आवडतही असेल. सायकल शिकवत असेल, गोळ्या देत असेल. त्याचा जीव जावा असं पोराला वाटत नसतं.

अजून एक. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. ते पाळता येणार नाही. "मदत करणाऱ्या माणसांना मला सांगावं लागेल" असं म्हणा.

अ‍ॅड_करवीर (सकाळी 7:15)

कायद्याचं थोडक्यात. पोक्सो 2012 चा. मुलगा असो की मुलगी, अठराच्या आतलं प्रत्येक मूल त्यात येतं. कलम 19 प्रमाणे गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली, तरी पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक. गुन्हा झाल्याचं ठाऊक असून लपवलं तर कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सद्भावनेनं कळवलं आणि पुढं काही निघालं नाही, तर कळवणाऱ्यावर काही येत नाही.

माझं मत, आजच कळवा. पोराशी दुसऱ्यांदा बोलायची वाट बघू नका. शंका आली तिथं तुमचं काम संपलं.

जास्वंदी (सकाळी 8:02)

वकीलसाहेब, इथं माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. 'खेळ आवडत नाही' एवढ्यावर ठाण्यात गेलं तर कधी कधी हवालदारच पोराला विचारायला लागतो, आणि तो काय विचारेल हे आपल्या हातात नसतं. एक मोकळा प्रश्न विचारून बघायला माझी हरकत नाही. पण एकच बैठक. तो बोलला नाही तर सोडून द्यायचं, आणि बोलला नाही म्हणजे काही झालं नाही असंही धरायचं नाही. एवढ्या लहान मुलांकडनं मोकळ्या प्रश्नाला दोन-तीन वाक्यंच येतात. गरज तेवढ्याचीच असते. बाकीचं प्रशिक्षित माणूस काढतो. ठाण्याच्या आधी मुलांच्या हेल्पलाइनला, 1098 ला, फोन करून सल्ला घ्या.

अ‍ॅड_करवीर (सकाळी 8:20)

1098 बरोबर. बाकी मी माझ्या मतावर ठाम आहे. तुमच्यासारखी बाई असती तर गोष्ट वेगळी. 'एक मोकळा प्रश्न' म्हणून बसलेली घरं शेवटी पंचवीस प्रश्न विचारून उठतात.

शाहूपुरीकर (सकाळी 9:10)

व्हिडिओचं मी मागं घेतो. पण मग लक्षात कसं ठेवायचं? आपण उद्या सांगताना शब्द इकडचे तिकडं होणारच की.

जास्वंदी (सकाळी 9:34)

त्याला वही-पेन पुरतं. पोर उठून खेळायला गेलं की लगेच बसून लिहायचं, त्याच्यासमोर नाही. तारीख, वेळ, कुठं बसला होतात, अजून कोण होतं. मग त्याचं वाक्य जसंच्या तसं, 'न्हाई' म्हणाला असेल तर 'न्हाई'च. अवयवाला तो घरातला शब्द वापरत असेल तर तोच, आपला सभ्य शब्द घालायचा नाही. आणि सगळे विसरतात ती गोष्ट: आपण काय विचारलं तेही लिहायचं. कोर्टात तुम्हाला पहिलं तेच विचारतील. "मी म्हणाले, त्या खेळाबद्दल सांग" असं वहीत असलं की 'शिकवून आणलंय' म्हणणाऱ्याला फार जागा उरत नाही. आत्ती, कालचं भडंगाचं वाक्य लिहून ठेवलंत का? नसेल तर आत्ता लिहा.

आत्ती_कोल्हापूर (संध्याकाळी 6:48)

रात्री वहिनीला सांगितलं. ती आज रजा टाकून घरी थांबली, वर पाठवलं नाही. दुपारी तो माझ्याकडं होता. चित्र रंगवत होता, मी शेंगा सोलत होते. ताईंनी लिहिलं तेच वाक्य म्हटलं. बराच वेळ काही नाही, हिरवा खडू संपेपर्यंत घासत राहिला. मग बोलला. मी दोनदा "मग काय झालं" म्हटलं, एकदा "अजून सांग". चार वाक्यं बोलला. इथं लिहीत नाही. मलम नव्हतं एवढंच सांगते.

वहीत लिहिलंय. 1098 लावला, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आता पुढं काय होईल ते सांगा कुणीतरी. आणि भावाला अजून सांगितलेलं नाही. तो आठला येईल.

अ‍ॅड_करवीर (संध्याकाळी 7:05)

पोराला ठाण्यात न्यायचा हट्ट कुणी केला तर नाही म्हणा. कलम 24 प्रमाणे जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यायचा. शक्यतो महिला अधिकारी, उपनिरीक्षकाच्या खालची नाही, आणि गणवेशात नाही. त्याचा विश्वास असलेलं माणूस शेजारी बसू शकतं. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. वैद्यकीय तपासणी सीपीआर रुग्णालयात होईल. पालक किंवा त्याचं विश्वासाचं माणूस बरोबर राहील.

घटना गेल्या दोन-तीन दिवसांतली असण्याची शक्यता असेल तर ते कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. पोराला अंघोळ घालण्याआधी डॉक्टरांना विचारा.

शाहूपुरीकर (संध्याकाळी 7:11)

भावाला पोलिसांनंतरच सांगा. तो आधी वर गेला तर तो पोरगा मोबाईल साफ करून गावाकडं पसार. चपलेचं मी बोललो होतो, पण आता तसलं काही नको.

दोन_लेकरांची_आई (संध्याकाळी 7:20)

बापापासनं लपवायचं? मला नाही पटत. उद्या तो म्हणेल, माझ्या पोराचं मला शेवटी कळलं. आयुष्यभर बोलणार नाही बहिणीशी.

जास्वंदी (संध्याकाळी 7:26)

यावर माझ्याकडं एकच एक उत्तर नाही. काही बाप ऐकून गप्प बसले आणि पोराला छातीशी धरून झोपले, काही कोयता शोधायला लागले. तुमचा भाऊ तुम्हाला माहीत. सांगायचंच तर पोर झोपल्यावर, वहिनी सोबत असताना, आणि 1098 ची माणसं काय म्हणाली ते आधी सांगून. पोरासमोर नको, एवढं मात्र नक्की.

आत्ती_कोल्हापूर (तिसऱ्या दिवशी, रात्री 10:15)

भावाला त्याच रात्री सांगितलं. तो जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. माझ्याशी नीट बोलत नाहीये, तू आधी मला का नाही सांगितलंस म्हणून. काल साध्या साडीतल्या मॅडम आल्या होत्या, तासभर त्याच्याबरोबर जमिनीवर बसल्या. आम्ही त्याला काय विचारलं होतं त्याचीही नोंद घेतली, वही बघितली. वरचं घर सध्या बंद आहे.

आता एकच डोकेदुखी. आमच्या आईला कळलंय. ती येता-जाता त्याला जवळ घेऊन "खरं सांग रे माझ्या राजा, देवाशपथ सांग" करते. आज म्हणाली, मंगळवारी अंबाबाईला नेऊन त्याला हात ठेवायला लावते. तिला कसं थांबवू? तिच्या मनात वाईट काही नाही.

जास्वंदी (रात्री 10:40)

आजीला कायदा सांगू नका, काम सांगा. "आई, त्याला विचारायचं काम आता सरकारी माणसांचं. तुम्ही त्याला रात्री गोष्ट सांगा, तुमच्याशिवाय त्याला झोप येत नाही." देवळात खुशाल न्या, पेढा द्या, पण शपथ नाही. शपथ घातली की पोराला कळतं, आपल्यावर विश्वास नाहीये. मग एक तर ते गप्प होतं, नाहीतर आजीला बरं वाटेल असं "काही नाही, गंमत केली" म्हणून टाकतं. तसं म्हणालाच तर कुणी उड्या मारू नका आणि रागावूही नका. तेही वहीत तारखेसकट लिहा, त्याच्या आधी आजी काय म्हणाली ते धरून. तो आपणहून काही बोलला तर ऐकायचं, पण विचारायचं नाही.

अ‍ॅड_करवीर (रात्री 10:52)

आणि बालकल्याण समितीकडं सहाय्यक व्यक्ती मागून घ्या. घरच्यांच्या संमतीनं ती मिळते. कोर्टात आरोपीच्या वकिलाला पोराला थेट प्रश्न विचारता येत नाहीत, ते न्यायाधीशांमार्फत जातात. कोर्टानं गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत पोराची साक्ष नोंदवावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात लांबतं, त्या तयारीनं राहा. तोवर वहीची मूळ प्रत तुमच्याकडं ठेवा, पोलिसांना झेरॉक्स द्या. मूळ मागितली तर पोच घेऊनच द्या.